नव्या गिऱ्हाइकाकडे ॲडव्हान्स कसा मागावा: दुकानाच्या बोर्डाचं एक उदाहरण घेऊन

ऑर्डरप्रमाणे वस्तू बनवून देणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी कोल्हापुरात दुकानांचे एलईडी बोर्ड बनवतो, त्यामुळे उदाहरण बोर्डाचं आहे. फर्निचर, ग्रील, युनिफॉर्म, ट्रॉफी, पॅकिंगचे छापील बॉक्स असं काही करत असाल तरी हिशेब तोच. या सगळ्या धंद्यांत अडचण एकच आहे. माल एकदा कापला की तो त्याच गिऱ्हाइकाचा. एकाच्या नावाची अक्षरं दुसऱ्याच्या दुकानावर लावता येत नाहीत.

आपल्याकडे ॲडव्हान्स मागायला लोक कचरतात. मागतात तेही बहुधा चुकीच्या वेळी. डिझाइन पास होतं, माप घेऊन होतं, चहा होतो आणि निघताना दारात उभं राहून, "शेठ, थोडं ॲडव्हान्सचं बघा की." तोवर समोरच्याच्या डोक्यात व्यवहार ठरून गेलेला असतो. मग ही मागणी त्याला नवी अट वाटते, आणि नवी अट म्हटली की संशय आलाच. म्हणून या लेखातली बरीचशी मेहनत पैसे मागण्याच्या क्षणाच्या आधीची आहे.

१. हाताशी काय काय हवं

- छापील किंवा पीडीएफ कोटेशन, त्यावर तुमचं नाव, पत्ता, असल्यास जीएसटी नंबर
- उद्यम नोंदणीचा नंबर. नोंदणी udyamregistration.gov.in वर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका
- धंद्याच्या नावाचं चालू खातं आणि त्याच नावाचा यूपीआय क्यूआर
- क्रमांक असलेलं पावती पुस्तक
- आधी केलेल्या दोन-तीन कामांचे फोटो, शक्यतो त्याच भागातले

यातला तिसरा मुद्दा लोक सोडून देतात. क्यूआर स्कॅन केला आणि वर बायकोचं किंवा मेहुण्याचं नाव आलं, की नवा माणूस तिथंच थबकतो. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवावा असं त्याला वाटतं, तसा त्यालाही तुमच्यावर ठेवायचा असतो. कोटेशनवरचं नाव आणि पैसे जाताना स्क्रीनवर दिसणारं नाव एक असलं पाहिजे.

२. रक्कम खर्चावरून काढा

"आमच्यात पन्नास टक्के घेतात" हे उत्तर नव्या गिऱ्हाइकाला पटत नाही. पन्नासच का, चाळीस का नाही, यावर घासाघीस सुरू होते. त्यापेक्षा गिऱ्हाइकाला काही दिसायच्या आत आपल्या खिशातून किती जाणार आहे, ते काढा. तोच ॲडव्हान्स.

समजा राजारामपुरीत ड्रायफ्रूटचं नवं दुकान निघतंय. बोर्ड बारा फूट बाय तीन फूट, मागे एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची शीट, पुढे उठावाची अक्रिलिक अक्षरं, आत एलईडी. एसीपीची शीट आठ बाय चार फुटांची येते. बारा फुटांसाठी दोन शीट घ्याव्याच लागतात, उरलेला तुकडा आपल्याकडे पडून राहतो. हिशेब असा धरू:

- एसीपी शीट, चौकोनी लोखंडी पाइपची फ्रेम, वेल्डिंग: ११,००० रुपये
- अक्रिलिक आणि अक्षरांचं कटिंग: १०,५०० रुपये
- एलईडी मॉड्यूल, पॉवर सप्लाय, वायर: ७,५०० रुपये
- जागेवर नेणं आणि फिटिंग: ८,००० रुपये
- डिझाइन, वर्कशॉपचा खर्च, आपला नफा: २१,००० रुपये

एकूण ५८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १०,४४०, म्हणजे बिल ६८,४४० रुपयांचं.

आता पहिल्या तीन ओळी बघा. त्यांची बेरीज २९,०००. हा खर्च बोर्ड पेटायच्या आधीचा. दुकानदार आपल्याला माल देताना करासकट पैसे घेतो, म्हणून १८ टक्के धरले की ३४,२२० होतात. तो कर पुढे वजावटीत मिळतो, पण आज खिशातून जातोच. म्हणून ॲडव्हान्स ३४,००० मागायचा. आकडा बिलाच्या निम्म्याच्या जवळ आला हे खरं, पण आता "का?" या प्रश्नाला उत्तर आहे: शीट, अक्षरं, एलईडी.

उरलेल्या ३४,४४० चे दोन भाग करा. वर्कशॉपमध्ये बोर्ड पेटवून दाखवला की २४,०००, आणि फिटिंग झालं की १०,४४०. शेवटचा हप्ता जितका लहान तितकं बरं, कारण अडकतो तो तोच. या उदाहरणात तो बरोबर जीएसटीएवढा आहे, हे ध्यानात घ्या. बिल फाडलं की कर साधारण पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो, गिऱ्हाइकाने दिला असो वा नसो. शेवटचे दहा हजार लटकले तर सरकारचे पैसे तुम्ही पदरचे भरलेत असा अर्थ.

खर्चाची ही फोड गिऱ्हाइकाला जशीच्या तशी दाखवू नका. नफ्याची ओळ दिसली की चर्चा तिथंच अडकते. "साहित्य आणि कटिंगपोटी ३४,०००" एवढं पुरतं.

३. पहिल्याच बोलण्यात सांगून टाका

फोनवर कामाची चौकशी आली की भाव सांगायच्या आधी कामाची पद्धत सांगा. मी साधारण असं बोलतो:

"दादा, आमची पद्धत सांगतो. माप घेऊन डिझाइन आणि कोटेशन पाठवतो, त्याचे पैसे नाहीत. तुम्हाला पसंत पडलं की साहित्याचे पैसे आधी घेतो आणि त्या दिवसापासून दहाव्या दिवशी बोर्ड तुमच्या दुकानावर. लावायच्या आधी वर्कशॉपला येऊन पेटलेला बघायचा."

यात ॲडव्हान्स हा शब्दसुद्धा मधेच, सहज येतो किंवा येतही नाही. समोरच्याच्या कानात राहतो तो दहावा दिवस. मागणी तारखेला जोडली की ती तुमच्या सोयीची राहत नाही, त्याच्या उद्घाटनाची होते. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया यांच्या आधी तर हे जास्तच लागू पडतं. या मुहूर्तांना कटिंगवाल्याकडेही रांग असते.

हे बोलताना आवाज खाली आणू नका. "वाईट वाटून घेऊ नका, पण…" अशी सुरुवात केली की वाईट वाटण्यासारखं काहीतरी आहे, हे तुम्हीच त्याला सांगितलंत. "आजवर खूप लोकांनी बुडवलंय हो" हे तर अजिबात नको. दुसऱ्यांनी बुडवलं त्याची शिक्षा मला का, असं कुणालाही वाटेल.

ओळखीतून आलेलं काम असेल तर एक पायरी वाढते. कोल्हापुरात निम्मी कामं "आपले पाहुणे आहेत, जरा बघून घे" म्हणूनच येतात. अशा वेळी ॲडव्हान्सचं बोलणं पाहुण्याआधी, ज्याने पाठवलं त्याच्याशी करा: "पाठव की, काम नीट करतो. साहित्याचे पैसे आधी घेतो, तेवढं त्यांच्या कानावर घाल." मधल्या माणसाने हे आधीच सांगितलेलं असलं, तर पाहुणा पैशांची तयारी करूनच येतो. आणि ते न सांगता तुम्ही थेट मागितलेत, तर तो आधी मधल्या माणसाला फोन लावतो, आणि मग तिघांचीही पंचाईत.

४. कोटेशनमध्ये काय लिहायचं

तोंडी सांगितलेलं कागदावर त्याच शब्दांत यावं. अटी खाली बारीक अक्षरांत कोंबू नका. रकमेच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. नमुना:

> एकूण रक्कम (जीएसटीसह): ६८,४४० रुपये
> ऑर्डर देताना, साहित्यापोटी: ३४,००० रुपये
> वर्कशॉपमध्ये बोर्ड पेटवून दाखवल्यावर: २४,००० रुपये
> फिटिंग झाल्यावर त्याच दिवशी: १०,४४० रुपये
> मजकूर व डिझाइन लेखी पसंत झाल्यावर आणि पहिली रक्कम खात्यात जमा झाल्यावर १० दिवसांत काम पूर्ण.
> साहित्य कापण्याआधी ऑर्डर रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत. कापल्यानंतर रद्द झाल्यास झालेला खर्च वजा करून बाकी परत.
> एलईडी व पॉवर सप्लाय: १ वर्ष वॉरंटी.
> हे दर १५ दिवसांसाठी.

शेवटून तिसरी आणि दुसरी ओळ ही ॲडव्हान्सच्या बदल्यात गिऱ्हाइकाला मिळणारी गोष्ट आहे. ॲडव्हान्समध्ये खरी जोखीम तो घेतो, आपण नाही. पैसे त्याचे आधी जातात. ही जोखीम आपल्याला कळते आहे, एवढं कागदावर दिसलं की निम्मा ताण तिथंच उतरतो. "ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असं छापणारेही आहेत. मला ते पटत नाही, आणि वाद कोर्टात गेला तरी १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाईच मिळते. नुसतं छापलं म्हणून सगळी रक्कम आपली होत नाही.

हे कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवताना सोबत दोन ओळी लिहा, भेटून बोललो त्याची आठवण म्हणून:

"नमस्कार ताई, काल बोललो त्याप्रमाणे डिझाइन आणि कोटेशन पाठवतोय. नावाचं स्पेलिंग आणि मोबाइल नंबर एकदा तपासून 'ओके' कळवा. साहित्याचे ३४,००० जमा झाले की दुसऱ्या दिवशी शीट आणतो, म्हणजे तुमच्या उद्घाटनाच्या चार दिवस आधी बोर्ड लागेल."

५. "विश्वास नाही व्हय आमच्यावर?"

हा प्रश्न येणारच. कोल्हापूरकर तो हसत हसत विचारतो, पण विचारतो. त्यावर "तसं नाही हो, पण नियम आहे" हे उत्तर कोरडं लागतं. विश्वासाच्या वादात शिरूच नका, मालावर या:

"विश्वासाचं काय शेठ, तुमचं दुकान काय पळून जातंय होय! पण तुमच्या नावाची अक्षरं कापली की ती मला दुसरीकडे वापरता येत नाहीत. एसीपीवाला आणि कटिंगवाला मला रोख मागतात. त्यांचे तेवढे पैसे तुम्ही द्या, माझी मजुरी आणि नफा काम बघून द्या."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आपला नफा पूर्णपणे त्याच्या समाधानावर अवलंबून ठेवलाय, हे त्याला पहिल्यांदा कळतं. वर दुसऱ्या मुद्द्यातला खर्चाचा हिशेब बघितलात तर हे खरंही आहे.

तरीही मन तयार होत नसेल तर रक्कम लगेच कमी करू नका. "बरं, दहा हजार द्या" म्हटलंत की ३४ हजारांचं कारण खोटं ठरतं. त्यापेक्षा काम कमी करा. दोन वाटा आहेत. एक, साहित्य त्यालाच घेऊ द्या: मी यादी देतो, लक्ष्मीपुरीतून तुमच्या नावावर बिल करून आणा, मी मजुरी घेतो. बहुतेकांना ही कटकट नको असते आणि ते पैसे देऊन मोकळे होतात. जे खरंच आणतात त्यांना शीटची जाडी आणि पॉवर सप्लायचे ॲम्पिअर लिहून द्या, आणि वॉरंटी साहित्यावर नाही, मजुरीवर, हेही. दुसरी वाट, काम तोडून द्या: आधी फ्रेम आणि एसीपीचा साधा बोर्ड, त्याचे पैसे चुकते झाले की अक्षरं आणि लाइट.

दोन्हीला नाही म्हणून वर "काम झाल्यावर सगळे एकदम देतो" असं म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही. "सध्या वर्कशॉप भरलंय" असं खोटं सांगायची गरज नाही. "साहित्याशिवाय मला सुरू करता येणार नाही, पुढं जमलं तर नक्की सांगा" एवढं बोललं तरी माणूस तुटत नाही. यातले काहीजण आठवड्याने फोन करतात.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याचं काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथं समोर मालक नसतो, खरेदी विभागातला माणूस असतो आणि "आमच्याकडे ॲडव्हान्सची पॉलिसी नाही" हे तो मनापासून सांगत असतो. त्याला पटवून उपयोग नाही. त्याला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस द्या आणि पर्चेस ऑर्डरमध्येच टप्पे लिहून मागा. ते नाहीच जमलं तर निदान उद्यम नंबर कोटेशनवर आणि बिलावर ठळक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात, आणि उशीर होऊन ते आर्थिक वर्ष संपेपर्यंतही दिले गेले नाहीत तर तो खर्च त्या कंपनीला त्या वर्षीच्या आयकरात वजा दाखवता येत नाही. त्यांचा अकाउंटंट हे जाणून असतो.

६. पैसे आले की नाही

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. "पाठवलेत बघा" म्हणून आलेलं चित्र कुणालाही बनवता येतं. साध्या दहा अंकी नंबरवरून आलेला "जमा झाले" असा एसएमएसही बँकेचा नसतो. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली तर पैसे आले. चेक असेल तर तो वटल्यावर दहा दिवस मोजायला सुरुवात, आणि हे चेक घेतानाच बोलून घ्या.

आता उलट्या बाजूचा सापळा. यात ॲडव्हान्स द्यायला गिऱ्हाईक फारच उतावीळ असतं. फोन येतो, बहुधा लष्करी अधिकारी म्हणून. काम मोठं, घासाघीस नाही, कोटेशनही नीट बघत नाही. मग म्हणतो, "ॲडव्हान्स पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील." पैसे येत नाहीत, जातात. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. कुणी अडकलंच तर लगेच १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर, तितकी ती रक्कम पुढे सरकायच्या आत थांबायची शक्यता जास्त.

रोख घेत असाल तर एका व्यवहारात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हप्त्याहप्त्याने घेतली तरीही. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो.

७. पावती त्याच दिवशी

पैसे आले की तासाभरात पावती पाठवा. तिच्यावर पावती क्रमांक, तारीख, कोटेशन क्रमांक, रक्कम, कशापोटी आणि उरलेली बाकी. जीएसटी नोंदणी असेल तर ॲडव्हान्सची अशी पावती देणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

जीएसटीत एक फरक आहे. ॲडव्हान्स मालासाठी असेल तर १५ नोव्हेंबर २०१७ पासून त्यावरचा कर लगेच भरावा लागत नाही, बिल होईल तेव्हा भरायचा. नुसती सेवा असेल, उदाहरणार्थ फक्त लोगो आणि मेन्यूकार्डचं डिझाइन, तर ॲडव्हान्स आला त्याच महिन्याच्या हिशेबात कर येतो. म्हणून सेवेचं काम करणाऱ्यांनी ॲडव्हान्स करासकट मागावा. ११,८०० घेतले तर त्यातले १,८०० आपले नाहीत.

पावतीनंतर दोन दिवसांत एक फोटो पाठवा: वर्कशॉपमध्ये आलेली शीट, किंवा कापून टेबलावर मांडलेली अक्षरं. त्याच्या दुकानाचं नाव त्यात वाचता आलं पाहिजे. पैसे दिल्यानंतरची शांतता नव्या गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त टोचते, आणि "काय झालं ओ आमच्या बोर्डाचं?" हा फोन येण्याआधी हा फोटो पोचलेला बरा. दुसरा हप्ता मागतानाही त्यामुळे वेगळं बोलावं लागत नाही. "उद्या संध्याकाळी बोर्ड पेटवतोय, या बघायला" एवढं पुरतं.

८. काम रद्द झालं तर

जागेच्या मालकाशी फिसकटतं, भागीदार वेगळे होतात, दुकान निघतच नाही. असा फोन आला की त्याच दिवशी हिशेब मांडा. आपल्या उदाहरणात शीट आणून फ्रेम झाली, पण अक्षरं कापायची आहेत असं समजू. ११,००० आणि त्यावरचा १,९८० कर असा १२,९८० खर्च झाला. यातली कोरी शीट दुसऱ्या कामाला लागणार असेल तर तिचे पैसे कापू नका, मापाने कापलेल्याचेच कापा. बाकी रक्कम, इथं किमान २१,०२०, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत पाठवा, साहित्याच्या बिलांचे फोटो जोडा आणि जीएसटी नोंदणी असेल तर परताव्याचं व्हाउचर द्या. कापलेली फ्रेम त्याने मागितली तर देऊन टाका. पैसे त्याने मोजलेत.